सिहोऱ्याच्या विहिरीतले मँगनीज आणि पद्धतीतली तीन वाक्ये

तुमसर तालुक्याला मँगनीज नवे नाही. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे मॉयलच्या खाणी आहेत. डोंगरी बुजुर्गची खाण उघडी आहे आणि तिथले मँगनीज डायऑक्साइडचे खनिज ड्राय सेलच्या कारखान्यांना जाते. ज्या भागात खडकातच मँगनीज आहे, तिथल्या पाण्यात ते किती उतरते, हा प्रश्न सिहोरा, चांदपूर या पट्ट्यातल्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी सुचणे अगदी साहजिक आहे. विहिरी आणि हातपंपांचे नमुने गोळा करायचे, ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन यंत्रावर मोजायचे आणि प्रबंध लिहायचा.

मोजणी होते, तक्ते होतात. मग ‘साहित्य व पद्धती’ या प्रकरणात ठरलेली वाक्ये येतात: कॅलिब्रेशन वक्र रेषीय होता, R² = ०.९९८९, शोधमर्यादा ०.०१ मिग्रॅ/लिटर. अनिश्चिततेचा बहुधा उल्लेखच नसतो. माझे म्हणणे असे आहे की ही वाक्ये वाचून त्या विहिरीबद्दल काहीही ठरवता येत नाही. ती खोटी असतात असे नाही, पण प्रश्न जिथे आहे तिथे ती पोहोचत नाहीत.

प्रश्न कुठे आहे ते आधी पाहू. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक, आयएस १०५०० : २०१२, मँगनीजसाठी ०.१ मिग्रॅ/लिटर ही स्वीकारार्ह मर्यादा देते; दुसरा स्रोतच नसेल तर ०.३ पर्यंत चालवून घेता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ०.०८ हे तात्पुरते मूल्य दिले आहे. म्हणजे सगळा निकाल ०.१ च्या आसपास लागणार. कॅलिब्रेशन, शोधमर्यादा आणि अनिश्चितता या तिन्हींबद्दल जे लिहायचे ते याच जागेसाठी लिहायला हवे.

आता एक उदाहरण हाती घेऊ. पुढचे आकडे मी समजावण्यासाठी बसवले आहेत. ते सिहोऱ्यातल्या कोणत्याही विहिरीचे नाहीत. पण हवा-ॲसिटिलीनच्या ज्योतीवर २७९.५ नॅनोमीटरला मँगनीज मोजणाऱ्या कुणालाही ते ओळखीचे वाटतील.

विद्यार्थिनीने शून्य धरून सात स्टँडर्ड घेतले: ०, ०.१, ०.२, ०.५, १, २ आणि ४ मिग्रॅ/लिटर. यंत्राने ॲब्सॉर्बन्स दिले, त्याच क्रमाने, ०.००१, ०.०१२, ०.०२३, ०.०५५, ०.१०८, ०.२०९ आणि ०.३९३. एक्सेलमध्ये आलेख काढला, ट्रेंडलाइन टाकली, R² आला ०.९९८९. ठिपके रेषेवर बसलेले दिसतात. इथेच बहुतेक जण थांबतात.

आता तीच रेषा उलटी वापरून पाहा. प्रत्येक स्टँडर्डचा ॲब्सॉर्बन्स समीकरणात घाला आणि रेषा त्याला किती मँगनीज म्हणते ते काढा. रेषेचा उतार ०.०९८२ आणि छेद ०.००५० आहे. त्यावरून ४ चा स्टँडर्ड ३.९५ निघतो, फारसे बिघडत नाही. २ चा २.०८ निघतो. पण ०.१ चा स्टँडर्ड निघतो ०.०७२. स्वतःच्या हाताने ०.१ चे बनवलेले द्रावण ही रेषा अठ्ठावीस टक्के कमी सांगते, आणि तेही नेमके मानकाच्या मर्यादेवर. शून्याच्या द्रावणाचे उत्तर तर उणे ०.०४ येते.

R² ने हे का दाखवले नाही? कारण तो प्रत्येक बिंदूतली चूक त्याच्या स्वतःच्या आकाराच्या मानाने तोलत नाही. आलेखावरची सगळी उंची २ आणि ४ च्या बिंदूंनी व्यापलेली आहे. त्या उंचीपुढे ०.१ पाशी झालेली ०.००३ ॲब्सॉर्बन्सची चूक नगण्य ठरते. पट्टा वरच्या बाजूला ताणत गेलात तर वक्र थोडा वाकलेला असूनही R² एकाच्या जवळच राहतो. म्हणून R² हा रेषीयतेचा पुरावा म्हणून एकट्याने देऊ नये.

खरा पुरावा फरकांमध्ये असतो. मोजलेला ॲब्सॉर्बन्स वजा रेषेने सांगितलेला ॲब्सॉर्बन्स, एवढे सात आकडे काढायचे आणि त्यांची फक्त चिन्हे पाहायची. आपल्या उदाहरणात पहिले तीन फरक उणे, पुढचे तीन अधिक आणि शेवटचा पुन्हा उणे आहे. मोजणीतली विस्कळ असती तर चिन्हे कशीही मिसळली असती. अशी सलग रांग लागते तेव्हा वक्र वाकलेला असतो आणि आपण त्याच्यावर सरळ पट्टी ठेवलेली असते.

तो वाकतो त्याला कारण आहे. मँगनीजच्या दिव्याच्या २७९.५ या रेषेला अगदी चिकटून २७९.८ आणि २८०.१ अशा आणखी दोन रेषा आहेत, आणि त्यांचे शोषण कमी होते. स्लिट रुंद ठेवला तर तिन्ही रेषांचा प्रकाश एकत्र डिटेक्टरवर पडतो. संहती वाढत जाते तशी पहिली रेषा शोषली जाते, पण शेजारच्या दोघींचा प्रकाश येत राहतो आणि वक्र खाली झुकतो. भटका प्रकाशही तेच करतो. म्हणून मँगनीजच्या पद्धतीत तरंगलांबीबरोबर स्लिटची रुंदी लिहावी. ०.२ नॅनोमीटर आणि ०.७ नॅनोमीटर यांत वक्राचा आकारच बदलतो, आणि वाचणाऱ्याला तुमचा वक्र का वाकला हे त्या एका आकड्यावरून कळते.

उपाय सोपा आहे. २ आणि ४ चे स्टँडर्ड काढून टाका. उरलेल्या पाच बिंदूंतून, म्हणजे ० ते १ मधून, रेषा काढली की उतार ०.१०६८ आणि छेद ०.००१३ येतो. आता ०.१ चा स्टँडर्ड ०.०९९८ निघतो, ०.२ चा ०.२०३ आणि १ चा ०.९९८. ज्या नमुन्यात मँगनीज एकपेक्षा जास्त असेल तो पातळ करून पुन्हा मोजायचा. मोठा पट्टा दाखवण्याचा मोह बऱ्याच जणांना असतो, पण नमुने ज्या पट्ट्यात आहेत तोच पट्टा उपयोगाचा.

याचा परिणाम विहिरीवर काय होतो ते बघा. एका नमुन्याचा सरासरी ॲब्सॉर्बन्स ०.०१२५ आला आहे. लांब रेषेने उत्तर येते ०.०७७: भारतीय मर्यादेच्या आत आणि जागतिक आरोग्य संघटनेच्याही. आखूड रेषेने येते ०.१०५, म्हणजे दोन्हींच्या बाहेर. पाणी तेच, वाचन तेच, निवडलेल्या स्टँडर्डने निकाल फिरवला. पद्धतीच्या प्रकरणात पट्टा, स्टँडर्डची संख्या आणि सर्वांत खालच्या स्टँडर्डचा उलट काढलेला आकडा का हवा, ते यावरून समजेल.

शोधमर्यादेकडे वळू. सर्वाधिक गोंधळ इथेच आहे, कारण ती काढायच्या दोन-तीन प्रचलित रीती आहेत आणि बहुतेक लेखनात कोणती वापरली तेच नसते.

कल्पना अशी आहे. मँगनीज मुळीच नसलेले पाणीही यंत्रावर थोडे वर-खाली वाचन देते. ते हेलकावे किती मोठे, हे ब्लँकच्या प्रमाण विचलनावरून कळते. एखादे वाचन या हेलकाव्यांच्या इतके वर असले पाहिजे की ते नुसते हेलकावे आहेत असे मानणे अवघड जावे. लॉइड करी यांनी १९६८ मध्ये ‘ॲनॅलिटिकल केमिस्ट्री’त यातल्या दोन चुका वेगळ्या करून मांडल्या: नसलेले आहे म्हणणे आणि असलेले नाही म्हणणे. दोन्ही चुका पाच-पाच टक्क्यांवर ठेवायच्या तर प्रत्येकीसाठी १.६४५ प्रमाण विचलने लागतात. दोन्ही मिळून ३.२९. सूत्रातला ३.३ आला तो इथून. जुन्या रीतीतला ३ हाही त्याच्याच शेजारचा. परिमाणनाच्या मर्यादेसाठी, म्हणजे आकडा विश्वासाने लिहिता येईल अशा पातळीसाठी, सहसा १० पट घेतात.

आता ३.३ ला गुणायचे कशाने? एक रीत रेषेभोवतीच्या फरकांचे प्रमाण विचलन घेते आणि उताराने भागते. आपल्या लांब रेषेला ही रीत लावली तर शोधमर्यादा येते ०.१७ मिग्रॅ/लिटर. आखूड रेषेला लावली तर ०.०१०. यंत्र एकच, दिवस एकच, आणि आकड्यांत सतरा पटींचा फरक. कारण लांब रेषेभोवतीचे फरक हे हेलकावे नाहीत, तो वक्राचा वाक आहे, आणि सूत्राला त्यातला फरक कळत नाही. म्हणून रेषेवरून शोधमर्यादा काढायची असेल तर ती शून्याजवळच्या लहान पट्ट्यातल्या रेषेवरूनच काढावी.

मला ब्लँकची रीत अधिक पटते, पण ती नीट केली तर. दहा ब्लँक मोजले, प्रमाण विचलन ०.०००४ ॲब्सॉर्बन्स आले, तर तीन पट करून ०.१०६८ ने भागल्यावर शोधमर्यादा ०.०११ मिग्रॅ/लिटर येते आणि परिमाणन मर्यादा ०.०३७. दोन्ही ०.१ च्या बऱ्याच खाली आहेत, म्हणजे ही पद्धत या प्रश्नाला पुरते.

मात्र ‘दहा ब्लँक’ म्हणजे एकाच बाटलीतले डिस्टिल्ड वॉटर दहा वेळा ओढणे नव्हे. नमुन्याचे जे जे झाले ते सगळे ब्लँकचे व्हायला हवे: तीच बाटली, तोच ०.४५ मायक्रॉनचा फिल्टर, तेच नायट्रिक ॲसिड, तीच कॅल्शियमची मिसळ. असे दहा स्वतंत्र ब्लँक वेगवेगळ्या दिवशी केले की हेलकावे वाढतात, आणि तो वाढलेला आकडाच खरा असतो. दुसरी अडचण यंत्राच्या पडद्यावर असते. पडदा तीनच दशांश स्थळे दाखवत असेल तर ब्लँकची वाचने ०.०००, ०.००१, ०.००० अशी दिसतात. काही यंत्रे उणे वाचन शून्य करून दाखवतात. अशा आकड्यांवरून काढलेले प्रमाण विचलन गोलाईचे असते, ज्योतीचे नसते. सॉफ्टवेअरमधून चार दशांशांचा कच्चा आकडा काढावा लागतो. प्रबंधातल्या ब्लँकच्या तक्त्यात अर्ध्याहून जास्त रकाने नेमके शून्य दिसले की पुढची शोधमर्यादा मी धरत नाही.

आणि काढलेली मर्यादा तपासून पाहावी. सिहोऱ्याचेच, मँगनीज जवळपास नसलेले पाणी घ्यायचे, त्यात ०.०२ मिग्रॅ/लिटर मँगनीज घालायचे आणि सात वेळा पूर्ण पद्धतीने मोजायचे. सातही वेळा ते ब्लँकपासून वेगळे ओळखू आले तर मर्यादा टिकली. हे काम एका सकाळचे आहे. तक्त्यात मर्यादेखालच्या नमुन्यापुढे नुसते ‘आढळले नाही’ लिहू नये, ‘०.०११ पेक्षा कमी’ असे लिहावे. अशा नमुन्यांना शून्य समजून गावाची सरासरी काढणे तर टाळायलाच हवे, कारण ती सरासरी खोटी खाली येते.

अनिश्चिततेला सर्वांत कमी हात लागतो, कारण ती अवघड असेल असे वाटते. युराकेमच्या मार्गदर्शिकेची २०१२ ची आवृत्ती मोफत मिळते आणि आयएसओ/आयईसी १७०२५ : २०१७ प्रमाणे चालणाऱ्या प्रयोगशाळांना अनिश्चितता काढावीच लागते. विद्यार्थ्याला तिचे सगळे प्रकरण लागत नाही. आपल्या नमुन्यापुरते, ०.१०५ या उत्तरापुरते, तीनच घटक पुरतात.

पहिला, दिवसागणिक बदल. ०.१ च्या आसपासचा एक नियंत्रण-नमुना दर वेळी नव्या कॅलिब्रेशनसह वेगवेगळ्या दिवशी मोजला आणि विचलन चार टक्के आले असे धरू: ०.००४२ मिग्रॅ/लिटर. दुसरा, परतावा. पाण्यात घातलेले मँगनीज किती परत मिळते, याच्या मोजणीतली अनिश्चितता तीन टक्के: ०.००३१. तिसरा, १००० मिग्रॅ/लिटरच्या मूळ द्रावणाच्या प्रमाणपत्रातली आणि पिपेट-फ्लास्कची मिळून एक टक्का: ०.००१०. तिघांचे वर्ग करून बेरीज, मग वर्गमूळ: ०.००५३. त्याला दोनने गुणले की सुमारे ९५ टक्के विश्वासाची विस्तारित अनिश्चितता येते, ०.०११.

इथे एक चूक फार होते. कॅलिब्रेशन रेषेची अनिश्चितता काढायचे सूत्र पुस्तकात असते. ते वापरून आणखी ०.००२३ येतात आणि विद्यार्थी ते चौथा घटक म्हणून जोडतो. पण दिवसागणिक बदल मोजताना दर दिवशी कॅलिब्रेशन नवे केले होते, म्हणजे रेषेचे डगमगणे त्या चार टक्क्यांत आधीच आले आहे. तेच दोनदा मोजू नये. उलट, सगळे एकाच दिवशी एकाच रेषेवर मोजले असेल तर हा घटक वेगळा धरावाच लागतो. कोणती परिस्थिती तुमची, ते एका वाक्यात लिहावे.

आता उत्तर असे झाले: ०.१०५ ± ०.०११ मिग्रॅ/लिटर. म्हणजे ०.०९४ ते ०.११६. मर्यादेचा ०.१ हा आकडा त्या पट्ट्याच्या आत आहे. या मोजणीवरून ही विहीर ‘मर्यादेबाहेर’ आहे असे म्हणता येत नाही आणि ‘सुरक्षित’ आहे असेही म्हणता येत नाही. पुन्हा नमुने घ्यावे लागतील. अनिश्चितता न लिहिणारा विद्यार्थी मात्र तक्त्यात त्या विहिरीपुढे लाल खूण करून मोकळा होतो आणि गावात तिचे पाणी बंद होते.

या ± ०.०११ मध्ये एक गोष्ट नाही, ती म्हणजे नमुना घेण्यातली अनिश्चितता. मँगनीजच्या बाबतीत ती मोठी असू शकते. विरघळलेले मँगनीज हवा लागली की हळूहळू तपकिरी ऑक्साइड होऊन खाली बसते. उलट, गढूळ पाण्यात न गाळता ॲसिड टाकले तर मातीच्या कणांतले मँगनीज द्रावणात उतरते. म्हणून नमुना विहिरीवरच गाळला की नाही, ॲसिड गाळण्याआधी टाकले की नंतर, आणि पीएच २ च्या खाली नेला का, हे लिहिल्याशिवाय पुढचा कोणताही आकडा वाचता येत नाही. तो क्रम न देता दिलेली तीन दशांशांची अनिश्चितता फसवी असते.

हे सगळे लिहायला पानभर जागा लागत नाही. आपल्या उदाहरणाचा परिच्छेद असा होईल:

‘नमुने विहिरीवर ०.४५ मायक्रॉन फिल्टरमधून गाळून नंतर नायट्रिक ॲसिडने पीएच २ खाली आणले. मँगनीज हवा-ॲसिटिलीन ज्योतीवर २७९.५ नॅनोमीटर, स्लिट ०.२ नॅनोमीटर येथे मोजले. नमुने, स्टँडर्ड आणि ब्लँक यांत ॲसिड व कॅल्शियम सारखे ठेवले. कॅलिब्रेशन ० ते १ मिग्रॅ/लिटर, पाच पातळ्या, दर दिवशी नवे. भार न देता रेषा, शून्यातून सक्तीने नेली नाही. उलट काढलेले स्टँडर्ड २ टक्क्यांच्या आत जुळले. उरलेले फरक ब्लँकच्या हेलकाव्यांच्या पलीकडे गेले नाहीत. एकपेक्षा जास्त आलेले नमुने पातळ करून पुन्हा मोजले. शोधमर्यादा (पूर्ण प्रक्रियेच्या दहा ब्लँकच्या प्रमाण विचलनाची ३ पट, भागिले उतार) ०.०११, परिमाणन मर्यादा (१० पट) ०.०३७ मिग्रॅ/लिटर, ०.०२ च्या सात नमुन्यांवर तपासली. ०.१०५ मिग्रॅ/लिटर येथे विस्तारित अनिश्चितता ०.०११ (k = 2); तीत दिवसागणिक बदल, परतावा आणि स्टँडर्ड धरले आहेत, नमुना घेण्याची अनिश्चितता धरलेली नाही.’

कॅल्शियम का, असे कुणी विचारेल. पाण्यातली सिलिका ज्योतीत मँगनीजचे वाचन दाबते आणि कॅल्शियम ते सोडवते. शून्यातून रेषा सक्तीने न नेण्याचे कारण ब्लँकच्या ०.००१ मध्ये आहे: ते वाचन खरे आहे आणि रेषेला त्याच्यासाठी छेद हवा. भाराचा प्रश्न पट्टा लहान असल्यामुळे इथे फारसा उठत नाही. पट्टा मोठा ठेवायचाच असेल तर खालच्या बिंदूंना जास्त भार द्यावा, वाकासाठी वर्गाचे पद घ्यावे, आणि तसे केल्याचे लिहावे.

एक विनंती मार्गदर्शकांना आणि विद्यार्थ्यांना आहे. प्रबंधाच्या परिशिष्टात एक पान कच्च्या वाचनांसाठी ठेवा: प्रत्येक दिवसाच्या स्टँडर्डचे ॲब्सॉर्बन्स, सगळे ब्लँक, नियंत्रण-नमुन्याची सगळी वाचने, चार दशांशांत. पाच वर्षांनी तुमसर किंवा भंडाऱ्याच्या कॉलेजातला दुसरा कुणी त्याच विहिरींचे पाणी मोजेल, तेव्हा मँगनीज वाढले की फक्त रेषा बदलली, हे त्याला त्या एका पानावरून ठरवता येईल.